फंड मॅनेजर हुशार की फंडात स्मॉल कॅप भरलेले? तीन फॅक्टरचं रिग्रेशन वाचताना

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं काढलंय आणि कोड वाचून दाखवला होता तो इथे नीट टाकलाय.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. त्याचा प्रश्न असा: "माझ्या फ्लेक्सी कॅप फंडाने दहा वर्षांत निफ्टीला आरामात मागे टाकलंय. म्हणजे मॅनेजर हुशार आहे ना? मग एवढा एक्स्पेन्स रेशो द्यायला काय हरकत आहे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीये. निफ्टी म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्या. फ्लेक्सी कॅप फंडाला मोठ्या, मधल्या, छोट्या कुठल्याही कंपन्या घेता येतात. किमान ६५ टक्के पैसा शेअर्समध्ये असला की झालं. आता त्या दहा वर्षांत छोट्या कंपन्या एकूणच जास्त वाढल्या असतील, आणि फंडात त्या भरपूर असतील, तर फंड निफ्टीच्या पुढे जाणारच. त्यासाठी मॅनेजरला एकही शेअर हुशारीने निवडावा लागत नाही. आजचा भाग हे वेगळं कसं करायचं याबद्दल आहे: किती परतावा बाजाराचा, किती छोट्या कंपन्यांकडे झुकल्याचा, किती स्वस्त शेअर्सकडे झुकल्याचा, आणि हे सगळं वजा करून मॅनेजरच्या नावावर काय उरतं.

यासाठी वापरतात ते युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांचं तीन फॅक्टरचं मॉडेल, १९९३ सालचं. समीकरण एका ओळीचं आहे:

```
fund - RF = alpha + b*MKT + s*SMB + h*HML + e
```

डावीकडे फंडाचा महिन्याचा परतावा, त्यातून बिनजोखमीचा व्याजदर वजा केलेला. तो दर म्हणून आपल्याकडे ट्रेझरी बिलाचा धरतात. हा झाला एक्सेस रिटर्न, म्हणजे जोखीम घेतल्याबद्दल जे वर मिळालं ते. उजवीकडे `MKT` म्हणजे अख्ख्या बाजाराचा परतावा, तोही व्याजदर वजा करून. `SMB` म्हणजे छोट्या कंपन्यांचा परतावा वजा मोठ्या कंपन्यांचा. `HML` म्हणजे पुस्तकी किमतीच्या मानाने स्वस्त शेअर्सचा परतावा वजा महागड्या शेअर्सचा. शेवटचे दोन हे दोन गटांमधले फरक आहेत, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागेल. `b`, `s` आणि `h` हे लोडिंग. फंड त्या त्या फॅक्टरबरोबर किती हलतो, एवढंच ते सांगतात.

भारतासाठी हे फॅक्टर स्वतः बनवत बसायची गरज नाही. आयआयएम अहमदाबादच्या प्राध्यापकांनी भारतीय बाजाराचे फॅक्टर काढून डेटा लायब्ररी फुकट ठेवलीये. अमेरिकेसाठी तसंच काम केनेथ फ्रेंच यांच्या वेबसाइटवर होतं. फंडाची एनएव्ही ॲम्फीच्या साइटवर मिळते. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही घ्या, मागच्या महिन्याच्या एनएव्हीने भागा, एक वजा करा, शंभरने गुणा. ग्रोथ ऑप्शनच घ्या. दुसऱ्या ऑप्शनमध्ये पैसे वाटले की एनएव्ही खाली येते, आणि तुमच्या गणितात तो तोटा दिसतो. सगळं एका सीएसव्हीत टाकलं की कोड इतकाच:

```python
import pandas as pd
import statsmodels.api as sm

df = pd.read_csv("fund.csv", index_col="month")
y = df["fund"] - df["RF"]
X = sm.add_constant(df[["MKT", "SMB", "HML"]])
print(sm.OLS(y, X).fit().summary())
```

यातलं `add_constant` विसरू नका. ते नसेल तर `statsmodels` स्वतःहून अल्फाची ओळ घालत नाही. रेषा शून्यातून जाते आणि जे शोधायला निघालो तेच आउटपुटमध्ये नसतं.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. फंड काल्पनिक आहे आणि आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण एकमेकांशी जुळणारे आहेत. तुम्ही कागद घेऊन पडताळू शकता. आपल्याकडे १२० महिने आहेत. या काळात फंडाचा सरासरी एक्सेस रिटर्न महिन्याला १.२० टक्के, बाजाराचा ०.८०, एसएमबीची सरासरी ०.५० आणि एचएमएलची ०.३०.

आधी फक्त बाजार घालून रिग्रेशन करू. बीटा येतो १.०५. म्हणजे बाजारामुळे मिळायला हवे होते १.०५ गुणिले ०.८०, बरोबर ०.८४. फंडाने दिले १.२०. उरले ०.३६, हा अल्फा. वर्षाला साधारण ४.३ टक्के. टी-स्टॅट सुमारे १.८. फंडाच्या जाहिरातीला एवढं पुष्कळ झालं!

आता एसएमबी आणि एचएमएलही घालू:

```
          coef   std err
alpha     0.14     0.14
MKT       0.95     0.03
SMB       0.48     0.05
HML       0.20     0.05
R-squared 0.93
```

आर-स्क्वेअर ०.८५ वरून ०.९३ वर गेला आणि अल्फा ०.३६ वरून ०.१४ वर आला. गेला कुठे? हिशोब करा. बाजाराचे ०.९५ गुणिले ०.८०, म्हणजे ०.७६. छोट्या कंपन्यांचे ०.४८ गुणिले ०.५०, म्हणजे ०.२४. स्वस्त शेअर्सचे ०.२० गुणिले ०.३०, म्हणजे ०.०६. बेरीज १.०६. फंडाच्या १.२० मधून हे वजा केले की ०.१४. महिन्याचे ते ०.२४ वर्षाला जवळजवळ २.९ टक्के होतात. यातले बरेचसे आधी मॅनेजरच्या हुशारीच्या खात्यात दिसत होते, ते खरं म्हणजे छोट्या कंपन्यांच्या खात्यातले होते.

एकेक लोडिंग सावकाश वाचू.

बाजाराचं ०.९५. इथे बहुतेक जण एक गोष्ट चुकीची वाचतात. `summary()` मध्ये या ओळीसमोर टी-स्टॅट तीसच्या वर दिसतो आणि लोक खूश होतात. पण सॉफ्टवेअर प्रत्येक आकड्याची तुलना शून्याशी करतं. शेअर्सच्या फंडाचा बीटा शून्य नाही, हे सांगायला रिग्रेशन कशाला हवं? आपला प्रश्न असतो की तो १ पेक्षा वेगळा आहे का. मग ०.९५ वजा १, भागिले ०.०३, उणे १.७ च्या आसपास. १ पेक्षा कमी असावा असं वाटतं, पण खात्रीने म्हणता येत नाही. आणि कमी असलाच तर साधं कारण बहुधा कॅश. फंडाने पाच टक्के पैसा रोख किंवा तत्सम ठेवला की बीटा साधारण तेवढाच खाली येतो. फंडाची महिन्याची फॅक्टशीट उघडून बघा, तिथे कॅशचा आकडा असतो.

हेही बघा की पहिल्या रिग्रेशनमध्ये बीटा १.०५ होता, आता ०.९५ झाला. फंड बदलला नाही. या काळात बाजार वर गेला की छोटे शेअर्स मोठ्यांपेक्षा जरा जास्तच वर जात होते. एसएमबी मॉडेलमध्ये नव्हतं तेव्हा तो जादा हलण्याचा भाग बाजाराच्या बीटाने उचलला होता. त्याचा हक्काचा रकाना आला तसा तो तिकडे गेला. म्हणून "या फंडाचा बीटा किती" याचं एकच उत्तर नसतं, शेजारी कोणते फॅक्टर बसलेत त्यावर ते ठरतं. ॲपवर दिसणारा बीटा साधारणपणे एकट्या निर्देशांकाशी काढलेला असतो, हे लक्षात असू द्या.

छोट्या कंपन्यांचं ०.४८. याचा अर्थ फंडाचे ४८ टक्के पैसे स्मॉल कॅपमध्ये आहेत असा होत नाही. मघाशी म्हटलं तसं एसएमबी हा फरक आहे, छोटे वजा मोठे. पूर्णपणे छोट्या कंपन्यांच्या पोर्टफोलिओचं लोडिंग १ च्या आसपास येतं. फक्त मोठ्या कंपन्यांच्या पोर्टफोलिओचं शून्याजवळ, बऱ्याचदा किंचित उणे, कारण अख्ख्या बाजारात थोड्या छोट्या कंपन्या असतात आणि त्याच्याकडे त्याही नसतात. या पट्टीवर ०.४८ म्हणजे आपला फंड दोन टोकांच्या साधारण मध्ये हलतो. तो तिथे कसा पोचला, ते रिग्रेशनला कळत नाही. अर्धा पैसा स्मॉल कॅपमध्ये असेल, किंवा बराचसा मिड कॅपमध्ये. सेबीच्या व्याख्येत मार्केट कॅपनुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज, १०१ ते २५० मिड आणि २५१ पासून पुढच्या स्मॉल. फॅक्टर बनवणाऱ्यांची छोट्या-मोठ्याची रेघ मात्र वेगळी असते. तेव्हा फॅक्टशीटमधले टक्के आणि हे लोडिंग आकड्याने जुळवायला जाऊ नका, दिशा जुळते का तेवढं पाहा.

एचएमएलचं ०.२०. हा फंड स्वतःला व्हॅल्यू म्हणवत नसेल, तरी हलतो थोडा स्वस्त शेअर्ससारखा. स्वस्त म्हणजे इथे फक्त एकच: कंपनीच्या हिशोबवहीतली किंमत बाजारभावाच्या मानाने जास्त. सरकारी बँका, धातू, वीज अशा कंपन्या या बाजूला जास्त सापडतात. पण या मापात एक खोट आहे. सॉफ्टवेअर किंवा औषध कंपनीची खरी संपत्ती माणसं, कोड, संशोधन यात असते, आणि ती वहीत फारशी येत नाही. त्यामुळे अशी कंपनी या मापाने नेहमी महाग दिसते. लोडिंग उणे आलं, म्हणजे समजा उणे ०.४, तर फंड ग्रोथ कंपन्यांसारखा हलतो. हे वाईट नाही. लोडिंगला चांगलं-वाईट नसतं. अमेरिकेत २०१० च्या दशकात स्वस्त शेअर्स महागड्यांच्या बरेच मागे राहिले, आणि तिथे उणे एचएमएलवाल्या फंडांची चांदी झाली. त्यांचे मॅनेजर एकदम हुशार झाले होते असं नाही.

एक महिना घेऊन बघा. बाजार ४ टक्के पडला, छोटे मोठ्यांपेक्षा ३ टक्के जास्त पडले, स्वस्त शेअर्स महागड्यांपेक्षा १ टक्का बरे राहिले. मॉडेल म्हणतं: उणे ३.८०, उणे १.४४, अधिक ०.२०, अधिक अल्फा ०.१४, एकूण उणे ४.९०. फंड प्रत्यक्षात ४.२० पडला. निफ्टीशी तुलना करणारा ओरडेल की बाजारापेक्षा जास्त पडला! पण असा झुकाव असलेला फंड ४.९० पडायला हवा होता. त्या महिन्यात मॅनेजरने ०.७० वाचवलेत. हाच तो `e`. वर जाताना जसा मॅनेजरला फुकटचा मान मिळतो, तसा खाली येताना फुकटचा दोषही मिळतो.

आता अल्फा. ०.१४ आणि स्टँडर्ड एररही ०.१४, म्हणजे टी-स्टॅट १. ढोबळ मानाने खरा अल्फा उणे ०.१४ ते अधिक ०.४२ यात कुठेही असू शकतो. "मॅनेजरकडे काही नाही" असं हे सिद्ध करत नाही. "दहा वर्षांचा डेटा हे ठरवायला पुरत नाही" एवढंच म्हणतं. किती पुरेल? या फंडाचा `e` महिन्याला साधारण १.५ टक्के हलतो. अल्फा ०.१४ च धरून टी-स्टॅट २ हवा असेल, तर दोन गुणिले १.५ भागिले ०.१४, आणि त्याचा वर्ग. सुमारे ४६० महिने. अडतीस वर्षं! मॅनेजर तोवर रिटायर झालेला असेल. याउलट एसएमबीचा टी-स्टॅट साडेनऊच्या पुढे आहे. म्हणजे याच डेटातून फंडाचा झुकाव अगदी स्पष्ट दिसतो आणि मॅनेजरचं कौशल्य धूसर दिसतं. मी तरी हे रिग्रेशन मुख्यतः झुकाव वाचायलाच वापरतो.

अल्फाबद्दल अजून एक. एनएव्ही खर्च कापून येते. फॅक्टरला मात्र ना ब्रोकरेज, ना एक्स्पेन्स रेशो. त्यात एसएमबी म्हणजे छोटे विकत घ्यायचे आणि मोठे शॉर्ट करायचे, हे तुम्ही-मी एसआयपी लावून करू शकत नाही. त्यामुळे ही तुलना फंडावर जराशी अन्याय करते. मला स्वतःला विचाराल तर दुसरं एक रिग्रेशनही करून बघा: फॅक्टरच्या जागी निफ्टी १००, निफ्टी स्मॉलकॅप २५० आणि निफ्टी ५०० व्हॅल्यू ५० यांचे परतावे, प्रत्येकातून व्याजदर वजा करून. मग प्रश्न असा होतो की असेच इंडेक्स मिसळले असते तर काय मिळालं असतं. मात्र निर्देशांक टीआरआय घ्या, म्हणजे डिव्हिडंड धरलेला. साधा निर्देशांक घेतलात तर डिव्हिडंडएवढा अल्फा फंडाला फुकट मिळतो. सेबीने फंडांनाही फेब्रुवारी २०१८ पासून टीआरआयशीच तुलना करायला लावलंय.

कोड चालला म्हणजे उत्तर बरोबर, असं नसतं हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहितीये. इथे गडबड ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. आर-स्क्वेअर एकदम शून्याजवळ आला, तर फंडाला दोष देऊ नका. तारखा एका महिन्याने सरकल्यात का ते बघा. शेअर्सच्या पसरट फंडाचा आर-स्क्वेअर इतका पडत नाही. अल्फा महिन्याला उणे सहा वगैरे आला, तर तुम्ही ६.५ टक्के वार्षिक व्याज दर महिन्याला वजा करताय. अल्फा अर्ध्या टक्क्याने जादा गोड दिसतोय, तर फंडातून व्याजदर वजा करायचा राहिलाय, बाजाराच्या रकान्यातून मात्र तो आधीच केलेला आहे. ही शेवटची गडबड सगळ्यात वाईट, कारण उत्तर विश्वास ठेवण्याजोगं दिसतं. आणि लोडिंग शंभरात आलं तर एकीकडे टक्के आहेत, दुसरीकडे अपूर्णांक. भारतीय फंडाला अमेरिकेचे फॅक्टर लावले तर असं काही उघड मोडत नाही, फक्त लोडिंग अर्थहीन येतात. देशाचे फॅक्टर त्या देशाच्या फंडाला, चलनही एकच.

आता यातला सगळ्यात मजेशीर भाग. या १२० महिन्यांचे दोन तुकडे करा आणि तेच रिग्रेशन दोनदा चालवा. आपल्या फंडात समजा पहिल्या ६० महिन्यांत एसएमबीचं लोडिंग येतं ०.२२ आणि नंतरच्या ६० मध्ये ०.७३. सरासरी ०.४८ च्या जवळच, पण ०.४८ सारखा हा फंड एकाही काळात नव्हता! आधी तो मोठ्या कंपन्यांचा होता, नंतर जवळपास स्मॉल कॅप फंड झाला. नाव मात्र तेच, फ्लेक्सी कॅप. नियमात हे बसतंही. पण ज्याने "सगळ्यात थोडं थोडं" म्हणून हा घेतला, आणि शेजारी एक स्मॉल कॅप फंडही ठेवला, त्याच्याकडे आता एकाच गोष्टीचे दोन डोस आहेत.

याचा अल्फाशीही संबंध आहे. समजा एसएमबीची सरासरी पहिल्या अर्ध्यात ०.१० होती आणि दुसऱ्यात ०.९०, दोन्ही मिळून ०.५०. पहिल्या अर्ध्यात फंडाला छोट्या कंपन्यांकडून मिळाले ०.२२ गुणिले ०.१०, म्हणजे ०.०२. दुसऱ्यात ०.७३ गुणिले ०.९०, म्हणजे ०.६६. सरासरी ०.३४. पण एकच ठरलेलं लोडिंग धरणाऱ्या आपल्या रिग्रेशनने छोट्या कंपन्यांना श्रेय दिलं होतं फक्त ०.२४ चं. राहिलेले ०.१० कुठे जाणार? ढोबळ मानाने अल्फात. म्हणजे त्या ०.१४ मधले ०.१० शेअर निवडण्याचे नाहीतच, योग्य वेळी छोट्यांकडे वळल्याचे आहेत.

मग श्रोत्याचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: योग्य वेळी वळला, ही हुशारी नाही का? असू शकते. पण दहा वर्षांत त्याने असा निर्णय एकदाच घेतला. १२० महिन्यांचा डेटा असला तरी या प्रश्नापुरता आपल्याकडे एकच नमुना आहे, आणि एका नमुन्यावर टी-स्टॅट काढता येत नाही. त्याच्याच कंपनीच्या बाकी फंडांत त्याच वेळी एसएमबीचं लोडिंग वाढलं का, हे बघता येईल. सगळीकडे एकदम वाढलं असेल तर तो घराचा निर्णय होता, या मॅनेजरचा नाही. ३६ महिन्यांची सरकती खिडकी लावून हे लोडिंग काढायला `RollingOLS` आहे, `statsmodels.regression.rolling` मध्ये. त्याचा ग्राफ काढा आणि फंड मॅनेजर बदलल्याची तारीख त्यावर उभ्या रेघेने मारा. बऱ्याचदा वळण नेमकं तिथेच सापडतं.